बाजार कोसळला की मार्जिन का फुगते आणि शॉर्ट ऑप्शनचे खाते सक्तीने कसे बंद होते

ऑप्शन विकणाऱ्या नवख्या माणसाला साधारणपणे एकच भीती दाखवली जाते. स्ट्राइक ओलांडली गेली तर तोटा होईल, एवढेच त्याला सांगितलेले असते. प्रत्यक्षात बरीच खाती स्ट्राइक खूप दूर असतानाच मोडतात, कारण त्या दिवशी तोटा सोसण्याइतके पैसे खात्यात असले, तरी वाढलेल्या मार्जिनइतके नसतात. हा लेख फक्त त्या प्रसंगापुरता आहे. निफ्टीचा दूरचा पुट विकलेल्या एका खात्याचे गणित आपण शेवटपर्यंत पाहू आणि प्रत्येक टप्प्यावर काय करता येते तेही पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले व अंदाजे आहेत. तुमच्या पडद्यावर ते थोडे वेगळे दिसतील, पण त्यांची चाल अशीच राहील.

समजा, घोडबंदर रोडला राहणारे आणि महाप्याला नोकरीस जाणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या खात्यात 5 लाख रुपये रोख आहेत. निफ्टी 25,000 वर आहे, लॉट 65 चा आहे आणि एक्स्पायरीला 14 दिवस उरले आहेत. ते 23,000 चा पुट 12 रुपयांना विकतात. बाजार 8 टक्के पडल्याशिवाय आपल्याला धक्का नाही, असा त्यांचा हिशेब असतो. मार्जिन लॉटमागे साधारण 72 हजार लागते, म्हणून ते 6 लॉट विकतात. 4 लाख 32 हजार अडकतात आणि प्रीमियमचे 4,680 रुपये जमा होतात. पडद्यावर सुमारे 73 हजार मोकळे दिसतात.

पहिली पायरी : 72 हजार कुठून आले ते समजून घ्या

हा आकडा दोन भागांचा बनलेला असतो. एक भाग एक्स्पोजर मार्जिनचा. निर्देशांकाच्या ऑप्शनसाठी ते सौद्याच्या एकूण मूल्याच्या 2 टक्के असते, म्हणजे 25,000 गुणिले 65 यांच्या 2 टक्के, 32,500 रुपये. हा भाग फारसा हलत नाही. दुसरा भाग स्पॅन मार्जिनचा, आणि जे काही घडते ते इथेच घडते.

स्पॅन ही पद्धत तुमच्या सौद्यावर 16 काल्पनिक प्रसंग लावून पाहते. भाव इतका वर गेला, इतका खाली गेला, चढउताराची तीव्रता वाढली किंवा घटली, तर या सौद्यात किती तोटा होईल, हे मोजून सर्वांत वाईट उत्तराच्या आधारे मार्जिन ठरते. निफ्टीसाठी भावाचा हा काल्पनिक पल्ला किमान 9.3 टक्के धरला जातो. 25,000 वरून 9.3 टक्के खाली म्हणजे 22,675. आता आपल्या गृहस्थांचा 23,000 चा पुट तिथे ठेवून पाहा. जो पुट आज 8 टक्के दूर आहे, तो त्या काल्पनिक प्रसंगात 325 अंकांनी पैशात आलेला असतो, म्हणजे निफ्टी स्ट्राइकच्या तितका खाली गेलेला असतो. त्यात दोन आठवड्यांचे वेळमूल्य आणि वाढीव इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या भावातून दिसणारी चढउताराची अपेक्षा, मिळवली की त्याची किंमत साधारण 608 रुपये निघते. 608 गुणिले 65 म्हणजे सुमारे 39,500, आणि एक्स्पोजर धरून 72 हजार.

म्हणजे मार्जिन ठरवताना बाजार आज कुठे आहे यापेक्षा आणखी 9.3 टक्के पडल्यावर तुमचा पुट कुठे असेल, याला महत्त्व असते. ही गोष्ट नीट उमजली की पुढचे सगळे आपोआप कळते.

दुसरी पायरी : घसरणीच्या दिवशी हाच आकडा पुन्हा काढा

दुसऱ्या दिवशी एखादी वाईट बातमी येते आणि निफ्टी 3 टक्के पडून 24,250 वर येतो. या पुटची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी 22 वरून 32 टक्क्यांवर जाते. स्ट्राइक अजून 5 टक्के दूर आहे. पण स्पॅनचा काल्पनिक तळ आता 24,250 च्या 9.3 टक्के खाली, म्हणजे 21,995 वर सरकलेला असतो. तिथे 23,000 चा पुट हजार अंकांनी पैशात असतो आणि वाढलेल्या व्होलॅटिलिटीमुळे त्याची किंमत 1,190 रुपयांच्या आसपास जाते. स्पॅनचा भाग 39,500 वरून 77,400 होतो. एक्स्पोजर धरून लॉटमागे सुमारे 1 लाख 8 हजार 900 रुपये लागतात. सहा लॉटना 6 लाख 53 हजार. खात्यात प्रीमियम धरून 5 लाख 4,680. तूट जवळजवळ 1 लाख 49 हजार.

त्याच वेळी पुटचा भाव 12 वरून 150 वर गेलेला असतो, म्हणजे कागदावरचा तोटा 53,820 रुपये. तूट या तोट्याच्या पावणेतीन पट आहे. इथे नवख्या माणसाकडून एक हिशेब चुकतो. तो 53,820 खात्यातून वजा करतो आणि वर वाढलेले मार्जिनही मागतो. शॉर्ट ऑप्शनमधला तोटा फ्युचर्ससारखा रोज रोखीने कापला जात नाही. पुटची वाढलेली किंमत मार्जिनच्या मागणीतच मिसळलेली असते. त्यामुळे तोटा आणि तूट यांची बेरीज करू नका. सौदा बंद केला, तरच तो तोटा रोखीने बाहेर जातो.

मार्जिन लॉटमागे 37 हजारांनी वाढले. यातला किती भाग व्होलॅटिलिटीचा आणि किती निव्वळ भाव जवळ आल्याचा, हे वेगळे करता येते. जुन्याच व्होलॅटिलिटीच्या वातावरणात 5 टक्के दूरचा पुट विकला असता, तर मार्जिन 1 लाख 1 हजारांच्या आसपास लागले असते. म्हणजे 37 पैकी 29 हजार भाव सरकल्यामुळे आणि 8 हजार व्होलॅटिलिटीमुळे. इंडिया व्हिक्सच्या, म्हणजे निफ्टीतल्या अपेक्षित चढउताराच्या निर्देशांकाच्या, उसळीला सगळा दोष देणाऱ्यांना हे पटत नाही, पण दूरचा पुट विकणाऱ्याला मुख्य फटका पडलेल्या भावाचाच बसतो. व्होलॅटिलिटी त्यावर आणखी ओझे घालते, आणि 9.3 टक्क्यांचा किमान पल्लाही कायमचा गृहीत धरू नये, कारण चढउतार बरेच दिवस टिकला तर हा पल्लाही वाढतो.

तिसरी पायरी : सौदा करण्यापूर्वीच ताण मोजा

यासाठी कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नाही. ब्रोकरचा मार्जिन कॅल्क्युलेटर आजच्या आकड्यांवर चालतो, हीच त्याची मर्यादा आहे आणि तिचाच उपयोग करून घेता येतो. बाजार 3 टक्के पडल्यावर तुमचा पुट निफ्टीपासून जितका दूर राहील, तितकाच दूर असलेली स्ट्राइक आज शोधा. 23,000 ला 0.97 ने भागले की 23,700 येतात. कॅल्क्युलेटरमध्ये आज 23,700 चा पुट विकल्याचे मार्जिन पाहा. आपल्या उदाहरणात ते 1 लाख 1 हजार निघेल. व्होलॅटिलिटीसाठी त्यात 10 टक्के वाढवा. मिळणारा आकडा वर काढलेल्या 1 लाख 8 हजार 900 पेक्षा थोडा जास्तच येतो, आणि तेच बरे.

5 टक्क्यांच्या घसरणीसाठी 0.95 ने भागा. स्ट्राइक 24,200 येते, मार्जिन साधारण 1 लाख 29 हजार आणि वाढीसह 1 लाख 42 हजार. 5 लाखांच्या खात्यात या हिशेबाने 3 लॉट बसतात, 6 नाहीत. कॅल्क्युलेटर आज 6 लॉटना परवानगी देतो, पण ती परवानगी आजच्याच भावाला असते.

5 टक्के ही फार टोकाची कल्पना नाही. 4 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या दिवशी, निफ्टी आदल्या दिवशीच्या 23,263.90 वरून 21,884.50 वर बंद झाला, म्हणजे 5.93 टक्क्यांनी घसरला. दिवसभरातला तळ 21,281.45 होता, साडेआठ टक्के खाली. इंडिया व्हिक्स व्यवहारादरम्यान 31 च्या वर गेला होता. दुसऱ्याच दिवशी निफ्टी 22,620.35 वर बंद झाला. दूरचे पुट विकलेले काही जण शेवटी बरोबर ठरले असते, पण ते दिसेपर्यंत त्यांचे सौदे उरले असतीलच असे नाही.

चौथी पायरी : सक्तीने बंद होणे कोणत्या वेळी घडते, ते जाणून घ्या

इथे नियमाचा एक बारकावा आहे, जो अनेक जुन्या खेळाडूंनाही नीट ठाऊक नसतो. 1 ऑगस्ट 2022 पासून सेबीच्या नियमानुसार दिवसभरातल्या पीक मार्जिनच्या, म्हणजे त्या दिवशी लागलेल्या सर्वाधिक मार्जिनच्या, तपासण्या सकाळच्या मार्जिन निकषांवर होतात. त्यामुळे दुपारी बाजार कोसळला, तरी त्या दिवसाच्या पीक मार्जिनचे तुमचे गणित त्याने बदलत नाही. सौदा बदललात तरच बदलते. मात्र याचा अर्थ संध्याकाळपर्यंत तुम्ही सुरक्षित आहात असा नव्हे. सौद्यांची पूर्तता करणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन दिवसातून अनेकदा नवी स्पॅन फाइल काढते, दिवसअखेरचे मार्जिन वाढलेल्या आकड्यांवर ठरते, आणि ब्रोकरची जोखीम पाहणारी यंत्रणा, जिला बाजारात आरएमएस म्हणतात, ती चालू भावाकडे पाहून आधीच पाऊल उचलू शकते. ब्रोकर तुमच्या वतीने क्लिअरिंग कॉर्पोरेशनला उत्तरदायी असतो. तुमचा तोटा तुमच्या ठेवीपेक्षा मोठा झाला, तर उरलेला भाग त्याच्या अंगावर येतो. म्हणून तो थांबत नाही.

कधी, किती टक्क्यांवर आणि कोणता सौदा आधी बंद करायचा, हे प्रत्येक ब्रोकरच्या धोरणपत्रात लिहिलेले असते. खाते उघडताना सही केलेल्या कागदांत ते असते आणि बहुतेकांनी ते वाचलेले नसते. ते शोधून तीन गोष्टी पाहा : इशारा कोणत्या मार्गाने येतो, पैसे भरायला किती वेळ मिळतो, आणि वेळ न देता सौदा बंद करण्याचा अधिकार ब्रोकरने स्वतःकडे ठेवला आहे का. तिसऱ्याचे उत्तर बहुधा ‘होय’ असेच असते. इशारा एसएमएसने किंवा ईमेलने येतो आणि बाजार 9.15 ला उघडतो. त्या वेळी आपले गृहस्थ ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभे असतात, आणि दहानंतर कार्यालयात बैठकीत. इशारा पाहणारे घरात दुसरे कोणी नसेल, तर दूरचा पुट रात्रभर उघडा ठेवण्याचा धोका त्यांच्यासाठी घरी बसलेल्या माणसापेक्षा मोठा आहे, असे मला वाटते.

आरएमएसने सौदा बंद केला की भाव कसा मिळतो, तेही पाहा. पुटचा भाव 150 दिसत असेल, पण घबराटीच्या सकाळी दूरच्या स्ट्राइकवर खरेदी-विक्रीतले अंतर रुंदावते. तुमची मर्यादा न पाळता विकत घेतलेले लॉट 165 किंवा 175 ला येऊ शकतात. सहाच्या सहा लॉट 170 ला बंद झाले, तर तोटा 158 गुणिले 390, म्हणजे 61,620 रुपये. त्यावर ब्रोकरचे स्वतंत्र शुल्कही लागू शकते.

पाचवी पायरी : तूट दिसली तर किती बंद करायचे, ते आधी ठरवा

एक लॉट बंद करायला 150 गुणिले 65, म्हणजे 9,750 रुपये लागतात आणि 1 लाख 8 हजार 900 चे मार्जिन सुटते. एक बंद केल्यावर गरज 5,44,500 आणि खात्यात 4,94,930, म्हणजे अजून सुमारे 50 हजारांची तूट. दोन बंद केल्यावर गरज 4,35,600 आणि खात्यात 4,85,180, म्हणजे सुमारे 50 हजार मोकळे. दोन लॉट बंद केल्याचा तोटा 17,940 रुपये. हे गणित ब्रोकर तुमच्यासाठी करीलच असे नाही. तो जरुरीपेक्षा जास्तही बंद करू शकतो. म्हणून संध्याकाळपर्यंत वाट न पाहता, मर्यादित भावाची ऑर्डर लावून स्वतः दोन लॉट कमी करणे हाच मला बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग वाटतो.

दुसरा मार्ग पैसे भरण्याचा. त्यासाठी तुमचे ब्रोकरकडे नोंदलेले बँक खातेच चालते, दुसऱ्या कुणाच्या खात्यातून पाठवलेली रक्कम स्वीकारली जात नाही. ठाणे-नवी मुंबईत अनेकांची खरी शिल्लक सहकारी बँकेत असते आणि ब्रोकरकडे मात्र पगाराचे खाते नोंदलेले असते. त्यात मुदत ठेव मोडायची असेल, तर सकाळचे तास हातून जातात. आणीबाणीची रक्कम कोणत्या खात्यात आहे आणि तिथून दिवसाला किती रुपये पाठवता येतात, हे शांत दिवशी एकदा करून बघा.

तारण ठेवलेल्या शेअर्सवर विसंबणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रात्रभर ठेवलेल्या सौद्याच्या मार्जिनपैकी निम्मा भाग रोख किंवा रोखीसमान ठेवींत असावा लागतो. आणि ज्या दिवशी निफ्टी पडतो, त्याच दिवशी तारणातले शेअर्सही पडतात. मागणी वर जाते आणि तारणाचे मूल्य खाली येते, एकाच वेळी.

सहावी पायरी : मार्जिन फुगणारच नाही असा सौदा बांधा

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 23,000 चा पुट विकताना त्याच वेळी 22,500 चा पुट विकत घेतला, तर तो सुरुवातीला सुमारे 6 रुपयांना मिळेल. आता स्पॅनच्या त्या काल्पनिक तळाला, 22,675 ला, विकलेल्या पुटची किंमत 608 आणि घेतलेल्या पुटची सुमारे 390 असेल. फरक 218 चाच राहतो. लॉटमागे मार्जिन 46,700 च्या आसपास येते. 3 टक्के पडल्यावर, 21,995 च्या तळाला, विकलेला 1,190 चा आणि घेतलेला 883 चा होतो. फरक 307, मार्जिन सुमारे 51,500. उघड्या, म्हणजे खालचा पुट न घेता विकलेल्या, पुटचे मार्जिन निम्म्याने वाढले होते, इथे ते एक दशांशाने वाढते. सहा लॉटना 3 लाख 9 हजार, आणि खाते सुरक्षित.

किंमत अर्थातच मोजावी लागते. मिळणारे 12 रुपये आता 6 होतात. नवखे याच कारणाने घेतलेला पुट टाळतात. मी उलटे म्हणेन : निम्मा प्रीमियम जर फक्त 500 अंकांखालच्या विम्यात जात असेल, तर बाजाराच्या मते त्या पल्ल्याखालची जोखीम किती जड आहे, हे तो भाव सांगतो. उघडा पुट विकणारा ती जोखीम जेमतेम 6 रुपयांसाठी अंगावर घेतो.

यात एक सापळा आहे. मार्जिन कमी झाल्यामुळे 2 लाख 22 हजार मोकळे दिसतात आणि हात आणखी चार लॉट विकायला शिवशिवतो. एका जोडीचा कमाल तोटा 500 वजा 6, म्हणजे 494 गुणिले 65, सुमारे 32,100 रुपये. सहा जोड्यांना 1 लाख 93 हजार, दहा जोड्यांना 3 लाख 21 हजार. लॉट मोजताना मार्जिनऐवजी हा कमाल तोटा पाहा.

ऑर्डर लावताना आधी खरेदी, मग विक्री. बंद करताना आधी विकलेला पुट परत घ्या आणि नंतर घेतलेला विका. क्रम उलटा झाला, तर मधल्या क्षणी उघड्या पुटचे पूर्ण मार्जिन लागते. आणि घसरणीच्या दिवशी पहिल्यांदा विमा घ्यायला गेलात, तर आणखी एक अडचण येते. तूट असलेल्या खात्यातून नवीन खरेदीची ऑर्डर काही ब्रोकरांची यंत्रणा नाकारते, मग ती ऑर्डर जोखीम कमी करणारी का असेना.

एक्स्पायरीच्या दिवसाबद्दलही थोडेसे. 20 नोव्हेंबर 2024 पासून निर्देशांकाच्या शॉर्ट ऑप्शनवर एक्स्पायरीच्या दिवशी 2 टक्के जादा मार्जिन लागते. 25,000 वर लॉटमागे ते 32,500 होते. घेतलेला पुट असला, तरी विकलेल्या पुटवर ते लागते. त्यामुळे मोकळी रक्कम कमी असेल, तर आदल्या दिवशीच सौदा उरकलेला बरा.

सक्तीने बंद झाल्यावर

सर्वप्रथम सौद्यांची यादी उघडून काय उरले आहे ते पाहा. फक्त काही लॉट बंद झाले असतील, तर राहिलेल्या लॉटना वरची सगळी गणिते नव्याने लावा. विकलेला पुट बंद होऊन घेतलेला तसाच राहिला असेल, तर तो विसरू नका, कारण त्याला अजून किंमत असते. नंतर कॉन्ट्रॅक्ट नोट आली की प्रत्येक सौद्याची वेळ आणि भाव तपासा आणि त्या मिनिटाच्या बाजारभावाशी ताडून बघा. इशाऱ्याची वेळ, तुम्ही पैसे पाठवल्याची वेळ आणि सौदा बंद झाल्याची वेळ यांची नोंद ठेवा. ब्रोकरने स्वतःच्या धोरणपत्राविरुद्ध वागणूक केली असेल, तर आधी त्याच्याकडे लेखी तक्रार करा, आणि समाधान झाले नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार मंचावर जा. निव्वळ भाव वाईट मिळाला म्हणून केलेली तक्रार क्वचितच टिकते. धोरणपत्रात दिलेली मुदत संपण्यापूर्वी सौदा बंद केला, हे वेळांसह दाखवता आले, तर मात्र बाजू मजबूत असते.